‘ह’च्या डोक्यावरचा र

पदवी प्रमाणपत्र लॅमिनेट करून द्या म्हणून कोणी दुकानात आलं की मी मशीन लावतच नाही. एकदा पाउचमध्ये घालून रोलरमधून काढला की तो कागद कागद राहत नाही. पुढेमागे पोरगं परदेशात निघालं तर त्याच कागदाच्या पाठीवर शिक्के पडायचे असतात, परराष्ट्र खात्याचं अपोस्टिलचं स्टिकर चिकटायचं असतं. प्लॅस्टिकवर ते कोणी करून देत नाही, आणि प्लॅस्टिक सोलायला गेलं की शाईचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघून येतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला एक जाड फोल्डर देतो आणि ‘यात ठेवा, भिंतीवर लावायचं असेल तर रंगीत झेरॉक्स काढून तिची फ्रेम करा’ असं सांगतो. कुऱ्हाडे डेपोतून थेट माझ्याकडे आले होते, अंगावर एसटीचा खाकी शर्ट, बोटांच्या पेरांत काळं वंगण, आणि म्हणून की काय, मुलीची पदवी त्यांनी वर्तमानपत्राच्या घडीत धरली होती. कागदाला हात लागू नये म्हणून त्यांनी ती घडी माझ्यापुढे उघडी केली. मी माझं नेहमीचं लॅमिनेशनपुराण सुरू केलं आणि बोलता बोलता नजर नावावर गेली. इंग्रजीत बरोबर होतं. वर मराठीत छापलं होतं ‘कुर्हाडे’.

बोलावं की गप्प बसावं, हे ठरवायला मला थोडा वेळ लागला. पेढ्यांचा पुडा त्यांच्या दुसऱ्या हातात होता. मी फोल्डर देऊन त्यांना वाटेला लावलं असतं तर त्या घरात ती चूक कदाचित कधीच कोणाच्या लक्षात आली नसती. गेली कित्येक वर्षं अक्षरंच जुळवत बसल्यामुळे मला ती टोचली, त्यांना टोचायचं कारण नव्हतं. आणि माझी खोड अशी, की अशी एखादी गोष्ट दिसली आणि बोललो नाही तर रात्री झोपताना ती उशाशी येऊन बसते. शेवटी म्हटलं, “कुऱ्हाडे, आडनाव बघा जरा.” त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. “बरोबर आहे की.” मग मी एका बाद कागदाच्या पाठीवर मार्करने दोन्ही मोठं मोठं लिहून दाखवलं. एकात र ‘हा’च्या डोक्यावर, रफार होऊन. दुसऱ्यात तोच र ‘ह’च्या आधी, आडवा, त्याला चिकटून. ते बराच वेळ दोन्हीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “आमच्या दारावरच्या पाटीवर असं नाहीये.” मग लगेच, “पण भाऊ, याने काय अडतं का?”

हाच खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

अडत काहीच नाही. पासपोर्टवर इंग्रजी चालतं, नोकरीच्या अर्जावर इंग्रजी चालतं, बँकेतही तेच. माझ्याकडे पदवीवरच्या नावासाठी अर्ज टाइप करून घ्यायला जे लोक येतात ते सगळे इंग्रजी स्पेलिंगसाठी येतात. कुठे एक ए जास्त, कुठे एच गळलेला, कुठे वडिलांच्या नावात आय आणि वायची अदलाबदल. त्यांना घाई असते. व्हिसा अडलेला असतो, कंपनीच्या पडताळणीत नाव जुळलेलं नसतं. मराठी नावासाठी आजवर कोणी आलं नव्हतं. आपल्या विद्यापीठाच्या पदवीवर मराठी नाव वर असतं, इंग्रजीच्याही आधी, आणि तेच कोणी वाचत नाही. याचं मला वाईट वाटतं, असं म्हणावं तर माझ्या स्वतःच्या पदवीवरचं मराठी नाव मी शेवटचं कधी वाचलं होतं तेही आठवत नाही.

माझ्या मामांचा छापखाना होता, गावातल्या पेठेत, ट्रेडल मशीनचा. शाळेच्या सुट्टीत मी तिथे अक्षरांचे खिळे वेगळे करायला बसायचो. छापून झालेला मजकूर मोडायचा आणि एकेक खिळा त्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. हाताला शिशाचा राखाडी रंग चढायचा आणि केरोसीनचा वास जेवतानाही जायचा नाही. देवनागरीच्या केसमध्ये खण इतके असायचे की कंपोझिटर डुलत डुलत काम केल्यासारखा दिसे. त्यात रफारासाठी वेगळा खिळा होता आणि हा आडवा र त्याहून वेगळा. लग्नसराईत तो नेमका संपायचा. पत्रिकेत ‘वऱ्हाडी मंडळी’ आलीच, त्यात मुलाकडचे कऱ्हाडचे असले की झालंच. मग कंपोझिटर दुसऱ्या कुठल्या तरी गॅलीतून तो खिळा उसना काढायचा. रफार लावून वेळ मारून नेलेली मी बघितली नाही. मामांना चालली नसती असं नाही, कागद वाचवायला ते बऱ्याच गोष्टी चालवून घ्यायचे. पण त्या वेळी डोळ्यालाच ते खटकायचं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हे छापखान्यातल्या पोरालाही माहीत होतं. आणि शिशाचा एक गुण होता. एकदा गॅलीत आडवा र बसवला की कागदावर आडवाच र उमटायचा. मध्ये कोणी त्याचा रफार करू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, स्नेहल. बी.एस्सी. झालेली, हातात फोन, चेहऱ्यावर राग. राग कोणावर हे ठरलेलं नव्हतं, थोडा माझ्यावरही असावा. वडिलांनी तिला रात्री तो कागद दाखवला होता आणि तिला एका क्षणात दिसलं होतं. “काका, मी फॉर्म भरताना बरोबर लिहिलं होतं. मला चांगलं आठवतंय, फोनवर तो र पटकन येत नव्हता म्हणून मी दोनदा टाइप केला होता.” मी म्हटलं, आठवणीवर विद्यापीठ चालत नाही, कागद दाखव. तिने पदवीसाठी भरलेल्या ऑनलाइन अर्जाची पीडीएफ उघडली. त्यावर स्वच्छ ‘कुऱ्हाडे’ होतं.

तिथे मला त्या चुकीत खरा रस आला. कारण बहुतेक वेळा भानगड उलटी असते. अर्जात नाव इंग्रजीत टाइप करायचं आणि शेजारच्या चौकटीत मराठी आपोआप उमटतं. आर आणि एच शेजारी आले की यंत्र बिचारं ‘र्ह’ देतं, त्याला घरची पाटी कुठे माहीत? काळेचं काले होतं, काणेंचं काने होतं. पोरं इंग्रजी तेवढं तपासतात, खालच्या ‘मी नाव तपासले आहे’ या चौकटीत टिक करतात आणि मोकळी होतात. नंतर खिडकीवर गेलं की कारकून ती टिक दाखवतो. त्याच्याशी वाद घालायला जागा नसते, आणि चूक विद्यार्थ्याची ठरली की शुल्कही विद्यार्थ्याच्या माथी येतं. इथे मात्र अर्जात बरोबर आणि प्रमाणपत्रावर चूक. म्हणजे मधल्या वाटेवर कुठेतरी काही गळलं होतं.

काय गळलं ते माझ्यासारख्या डीटीपीवाल्याला ओळखीचं आहे. जुन्या मराठी फॉन्टांमध्ये खिळ्यांसारखाच हिशेब होता, आडव्या र चं चित्र वेगळं आणि त्याची कळ वेगळी. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे अक्षराचं चित्र साठवलं जात नाही, घटक साठवले जातात, आणि चित्र काढायचं काम पडद्यावर किंवा छापताना होतं. आडवा र दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यांच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. दुसरा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखे. घटकांचे क्रमांक मांडून दाखवायचे तर असे, तिसरी ओळ रफाराची.

```
U+0930 U+094D U+200D U+0939   र्‍ह
U+0931 U+094D U+0939          ऱ्ह
U+0930 U+094D U+0939          र्ह
```

पहिल्या ओळीतलं `U+200D` हे ते अदृश्य चिन्ह. ते काढलं की पहिली ओळ तिसरी होते, म्हणजे आडवा र उडी मारून डोक्यावर बसतो. आता एका प्रणालीतून दुसरीकडे हजारो नावं नेताना संगणकवाले आधी ‘साफसफाई’ करतात. जास्तीच्या मोकळ्या जागा, न दिसणारी चिन्हं, असं सगळं झाडून टाकतात. इंग्रजीला त्याने काही होत नाही. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे यांचा मात्र त्या झाडूने जीव जातो. स्नेहलचा अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अजून उघडत होता. तिथून आडनाव कॉपी करून मी एक्सेलच्या चौकटीत चिकटवलं आणि शेजारी चिन्हं मोजणारं `=LEN(A1)` हे सूत्र लिहिलं. उत्तर ९ आलं. प्रमाणपत्रावर आहे तसं, रफार देऊन टाइप केलं तर ८ येतं. एक चिन्ह जास्तीचं होतं, म्हणजे तिच्या फोनने पहिला रस्ता घेतला होता आणि ते जोडचिन्ह संकेतस्थळापर्यंत शाबूत पोहोचलं होतं. ते पडलं त्यानंतर, छपाईच्या वाटेवर. स्नेहल त्या ९ कडे बघून पहिल्यांदा हसली. “म्हणजे माझी चूक नाही.”

मग तिने मैत्रिणींना फोन लावले. वर्गात एक गोऱ्हे होती, तिच्या प्रमाणपत्रावर गोर्हे. दुसऱ्या शाखेत एक बऱ्हाटे होता, तिथेही तेच. म्हणजे प्रकरण एकट्या कुऱ्हाड्यांचं नव्हतं.

आणि इथे आमचा दोघांचा थोडा वाद झाला. तिने घरून अर्जाचा कच्चा मजकूर लिहून आणला होता, दोन पानं. त्यात तिचं नाव, मैत्रिणींची नावं, युनिकोडची प्रणाली सदोष असल्याचं निवेदन, जबाबदारी निश्चित करण्याची मागणी, मराठी भाषेचा अवमान, सगळं होतं. लिहिलं चांगलं होतं. मी ते वाचलं आणि म्हटलं, यातल्या पाच ओळी ठेवू. तिला ते आवडलं नाही. मी तिला समजावलं की विद्यापीठात अर्ज माणसाकडे जात नाही, टेबलाकडे जातो. नावदुरुस्तीचं टेबल वेगळं, संगणकाचं वेगळं, तक्रारीचं वेगळं. दोन विषय असलेला अर्ज पहिल्या टेबलावरचा माणूस दुसऱ्याकडे ढकलतो, दुसरा अभिप्रायासाठी पहिल्याकडे परत पाठवतो, आणि दोघांच्याही दृष्टीने काम चालू असतं. ज्या माणसाकडे तू जाणार आहेस त्याला जे स्वतःच्या सहीने पुढे सरकवता येईल तेवढंच माग. “पण खरं तर मोठी चूक ती आहे ना काका?” आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं दुसरं पान मी फाडलं नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलं. अर्ज असा झाला:

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ

मार्फत : मा. प्राचार्य

विषय : पदवी प्रमाणपत्रावरील मराठी आडनावात छपाईत झालेली चूक दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) पदवी प्रमाणपत्र क्रमांक २) पदवीसाठीचा ऑनलाइन अर्ज क्रमांक ३) कायम नोंदणी क्रमांक

महोदय,
संदर्भ क्र. १ चे प्रमाणपत्र मला मिळाले आहे. त्यावरील इंग्रजी नाव बरोबर आहे. मराठी आडनाव पुढीलप्रमाणे चुकीचे छापले गेले आहे.

छापलेले : कुर्हाडे
हवे असलेले : कुऱ्हाडे

छापलेल्या आडनावात अर्धा र हा ‘हा’ या अक्षरावर रफार म्हणून आला आहे. तो ‘ह’च्या आधी, डाव्या बाजूला आडवा जोडलेला हवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर व संदर्भ क्र. २ च्या अर्जावर आडनाव बरोबर आहे. ही नावातील बदलाची मागणी नसून छपाईतील दुरुस्तीची आहे.

तरी मूळ प्रमाणपत्र जमा करून घेऊन त्याच पदवीदान समारंभाच्या दिनांकाचे दुरुस्त प्रमाणपत्र मिळावे व पदवीच्या नोंदवहीतही तशी दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

सोबत : मूळ प्रमाणपत्र, ऑनलाइन अर्जाची प्रत, शाळा सोडल्याच्या दाखल्याची स्वसाक्षांकित प्रत.

यातली ‘छापलेले’ आणि ‘हवे असलेले’ ही जोडी मी कधीच सोडत नाही. लोक नुसतं ‘माझे नाव चुकीचे छापून आले आहे तरी दुरुस्त करून मिळावे’ एवढंच लिहितात. वाचणाऱ्याला काय चुकलंय ते शोधत बसावं लागतं, आणि पुष्कळदा तो चूक वेगळीच शोधतो. इथे तर आणखी एक धोका होता. हाच अर्ज ईमेलने पाठवला आणि त्यांच्या यंत्राने पुन्हा ते चिन्ह गाळलं, तर दोन्ही ओळींत ‘कुर्हाडे’च दिसायचं आणि अर्ज करणारीला वेड लागलंय असं वाटायचं. म्हणून ती दोन आडनावं मोठ्या अक्षरांत छापली आणि खाली अक्षराचं वर्णन शब्दांत केलं. शब्द झाडूत सापडत नाहीत.

दाखल्यासाठी मात्र तिला शाळेत जावं लागलं, कारण मूळ दाखला कॉलेजने प्रवेशाच्या वेळी घेतला होता आणि घरची झेरॉक्स इतकी फिकी होती की त्यावर र च काय, आडनावच नव्हतं. दहावीच्या गुणपत्रिकेचा इथे उपयोग नव्हता, तिच्यावर नाव इंग्रजीत. आधारवर मराठी नाव असतं खरं, पण ते पुरावा म्हणून जोडायला मी धजत नाही. तिथलं मराठीही पुष्कळदा यंत्रानेच उमटवलेलं असतं, आणि स्नेहलच्या आधारवर र पुन्हा ‘हा’च्या डोक्यावरच निघाला. शाळेतल्या जुन्या लेखनिकांनी जनरल रजिस्टरवरून उतरवलेली प्रत दिली. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात, आणि तो आडवा र त्यांनी असा झोकात ओढला होता की ‘ह’च्या पोटाला नांगर जोडल्यासारखा दिसत होता. मराठी शाळेतल्या हस्ताक्षराइतका पक्का पुरावा या बाबतीत दुसरा नाही.

‘बदल नसून दुरुस्ती’ हे वाक्य का घातलं तेही सांगायला हवं, कारण निम्मे अर्ज तिथेच मरतात. विद्यापीठ आपल्या मनाने नाव ठरवत नाही, ते मागच्या कागदावरून उतरवून घेतं. मागचा कागद बरोबर आणि पदवी चुकीची, तर ती दुरुस्ती. मागचा कागदच चुकीचा असेल तर विद्यापीठाकडे कितीही खेटे घातले तरी ते हात वर करतात, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा उगमाकडे जावं लागतं, म्हणजे शाळेचं रजिस्टर आणि पुढे शिक्षणाधिकारी. लग्नानंतरचं नाव पदवीवर घालून द्या म्हणून बायका माझ्याकडे येतात, त्यांना मी सरळ सांगतो की हा बदल आहे, याला राजपत्र लागतं आणि तरीही पदवीवर जुनंच नाव राहील अशी तयारी ठेवा. हा फरक नुसत्या कारकुनी डोक्याचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ ला सीबीएसईच्या प्रमाणपत्रांबाबतच्या जिग्या यादव प्रकरणात तो नीट उलगडून ठेवला. शाळेच्या नोंदीशी जुळवून घेण्यासाठी मागितलेली दुरुस्ती एकीकडे आणि नवं नाव घेतलं म्हणून मागितलेला बदल दुसरीकडे, दोन्हींच्या अटी वेगळ्या. त्याच निकालात नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग असल्याचं न्यायालयाने म्हटलं आहे. स्नेहलला ते अर्जात घालायचं होतं. मी म्हटलं, खिडकीवर सर्वोच्च न्यायालय काढलं की खिडकी बंद होते. ते पुढच्यासाठी राखून ठेव.

मूळ प्रमाणपत्र हातचं जाणार म्हणून त्याचे दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन करून ठेवले. कॉलेजने आपलं पत्र जोडून दिलं. अर्जाच्या दोन प्रती, एक द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्यायची. त्या पोचेवर ‘मूळ प्रमाणपत्र जमा’ असे शब्द हाताने लिहून घे, असं तिला बजावलं. नुसत्या आवकच्या शिक्क्यावरून अर्ज दिल्याचं कळतं, आत काय दिलं ते कळत नाही. ‘त्याच समारंभाच्या दिनांकाचे’ हे शब्दही तसेच मुद्दाम घातलेले. नाहीतर एखादा उत्साही माणूस वर ‘दुय्यम प्रत’ असा शिक्का मारून देतो आणि मग जन्मभर मूळ कुठे हरवलं ते सांगत बसावं लागतं.

खिडकीवर काय झालं ते तिने येऊन नक्कल करून सांगितलं. कारकुनाने आधी इंग्रजी नाव बघितलं. “बरोबर आहे की, मॅडम.” तिने मराठीवर बोट ठेवलं. “मराठी कोण बघतंय?” तिने म्हटलं, “माझे वडील.” त्यावर तो थांबला. मग टिकची चौकट निघालीच, तुम्हीच तपासलंय म्हणून. तिने अर्जाची छापील प्रत पुढे सरकवली. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर सरकवला, आणि शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली, “अरे, हे बघ, आपल्याकडून उडालंय.” एवढं म्हणणारा माणूस सरकारी कचेरीत भेटणं ही साधी गोष्ट नाही. शुल्क घेतलं नाही. टिपणी कक्षाधिकाऱ्यांकडून सहायक कुलसचिवांकडे गेली आणि मंजूर होऊन आली.

खरी गंमत त्यानंतर. त्याच कारकुनाचा तिला फोन आला. नवीन प्रमाणपत्राची चाचणी प्रत काढली तर पुन्हा ‘कुर्हाडे’. पडद्यावर बरोबर दिसतंय, कागदावर रफार येतोय, दोनदा झालं, आता काय करू? मला ते अपेक्षित होतं. तो पहिल्याच रस्त्याने टाइप करत होता आणि छपाईची प्रणाली तोच घटक पुन्हा गाळत होती. मी तिला एक चिठ्ठी करून दिली. इनस्क्रिप्ट कळफलक लावा, ‘कु’ झाल्यावर शिफ्ट धरून `J`, मग `d`, मग `u`. म्हणजे ऱ, हलन्त, ह. या रस्त्यात अदृश्य असं काही नाहीच, त्यामुळे झाडायलाही काही नाही. तिने चिठ्ठीचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने त्याचा उलट फोटो आला, चाचणी प्रतीवरचं आडनाव, पेन्सिलने गोल केलेलं, शेजारी बरोबरची खूण. कोणा अनोळखी कारकुनाच्या पेन्सिलीचा मला इतका आनंद व्हावा याचं मलाच हसू आलं. मामांच्या छापखान्यात खिळा सापडला की असंच वाटायचं.

प्रमाणपत्र आलं, नोंदवहीत दुरुस्ती केल्याचं पत्रही आलं. कुऱ्हाड्यांच्या मते प्रकरण संपलं. “आपलं काम झालं, आता कशाला डोक्याला ताप,” असं ते मला म्हणाले, मुलीला समजवा या सुरात. मी समजावलं नाही. कारण ड्रॉवरमधलं ते दुसरं पान स्नेहलने मागून घेतलं होतं. यंत्र तसंच आहे. पुढच्या समारंभाला पुन्हा गोर्हे आणि बर्हाटे छापले जाणार, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते दिसणारही नाही. आता तिचा राग निवला आहे, त्यामुळे पान बरंच सुधारलंय. भाषेचा अवमान गेला, जबाबदारी निश्चित करण्याची मागणी गेली. राहिलं ते एवढंच, की नावं छपाईकडे नेताना `U+200D` गाळू नये, किंवा गाळण्याआधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ जिथे असेल तिथे ‘ऱ, हलन्त’ घालावं. संगणकवाल्याला एका ओळीचं काम आहे. सोबत तीन प्रमाणपत्रांच्या आणि त्यांच्या अर्जांच्या प्रती, प्रत्येकाच्या लेखी संमतीने. हा अर्ज कुठल्या टेबलाच्या नावे काढायचा यावर आमचं अजून ठरत नाहीये. मी म्हणतो परीक्षा विभागाचा संगणक कक्ष, ती म्हणते थेट कुलसचिव. पेन्सिलवाल्या कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला दोघांच्या नावे काढा, प्रत मला द्या, मी आतून सांगतो. बऱ्हाटेचे कागद आलेत. गोऱ्हेचा अर्ज तिच्या जुन्या फोनमध्ये आहे, तो फोन दुरुस्तीला टाकलाय.